हॅम शिजूनही गुलाबी का राहतं

मटण भांड्यात पडताना लालबुंद असतं आणि परतायला लागलं की बघता बघता करडं-तपकिरी होतं. डुकराच्या मांसाचंही तसंच. कच्चं असताना फिकट गुलाबी, आणि कुकरमधून बाहेर काढलं की पांढुरकं-राखाडी. म्हणून हॅमची, म्हणजे डुकराच्या मांडीच्या खारवलेल्या मांसाची, पहिली चकती हातात आली की बऱ्याच जणांना शंका येते, की हे कच्चं तर नाही ना? ते कच्चं नसतं. बाजारात मिळणारं नेहमीचं सँडविचचं हॅम कारखान्यात पूर्ण शिजवूनच पाकिटात भरलेलं असतं. घरी पुन्हा तासभर उकळलंत तरी गुलाबीच राहील. दुसरी शंका खाण्याच्या रंगाची, पण इथं बहुतेक वेळा रंग घातलेलाही नसतो. आणि तो गुलाबीपणा म्हणजे रक्त तर मुळीच नव्हे.

हा रंग कुठून येतो ते कळलं, की हॅम आणि बेकन टिकतात कशामुळे तेही बरंचसं कळतं. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक छोटासा रेणू लोखंडाला घट्ट धरून ठेवतो. मांसातल्या लोखंडाला धरलं की रंग येतो, जीवाणूतल्या लोखंडाला धरलं की जीवाणूची वाढ अडते.

आधी मांसातलं लोखंड पाहू. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूला लागणारा ऑक्सिजन साठवून ठेवायचं काम त्याचं. या प्रथिनाच्या पोटात एक चपटं कडं असतं आणि कड्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. त्या अणूशेजारी एक जागा मोकळी असते. मांसाचा रंग ठरतो तो या जागेवर कोण बसलंय आणि लोखंड कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून. जागा रिकामी असेल तर मांस जांभळट दिसतं. मोठा तुकडा मधून चिरला की आतला भाग असाच दिसतो. चिरलेला भाग अर्धा तास हवेत राहिला की तिथं ऑक्सिजन येऊन बसतो आणि मांस छान लाल होतं. आणखी काही दिवसांनी लोखंडच एक इलेक्ट्रॉन गमावून बसतं, म्हणजे सोप्या भाषेत गंजल्यासारखं होतं, आणि मांस तपकिरी पडतं.

शिजवताना हेच झपाट्यानं होतं. साठ-सत्तर अंशांच्या आसपास मायोग्लोबिनची घडी उलगडते, आतलं कडं उघडं पडतं, लोखंड इलेक्ट्रॉन गमावतं. ऑक्सिजनची पकड मुळातच ढिली असते, त्यामुळे एवढ्या धामधुमीत तो तिथं टिकत नाही. रश्श्यातल्या मटणाचा तपकिरी रंग येतो तो असा.

नायट्रिक ऑक्साइडची पकड मात्र घट्ट असते. तो त्या जागेवर बसला की मांस गडद लाल होतं. मग ते शिजवलं, प्रथिनाची घडी उलगडली, तरी कड्यातल्या लोखंडावर तो बसून राहतो आणि गडद लालचा फिकट गुलाबी होतो. हॅमचा रंग तो हा. म्हणजे उष्णतेनं हा रंग जात नाहीच, उलट पक्का होतो.

आता हा नायट्रिक ऑक्साइड मांसात येतो कुठून, यासाठी थोडं मागं जावं लागतं. युरोपात हिवाळ्याच्या तोंडावर डुकरं कापायची आणि मांस मिठात घालून पुढचे महिने काढायचे, ही जुनी रीत. काही मिठांनी मांस लाल राहायचं, काहींनी राखाडी पडायचं. लाल ठेवणाऱ्या मिठात सोऱ्याची भेसळ असते, हे लोकांना अनुभवानं कळलं आणि मग ते मुद्दाम सोरा घालू लागले. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूत लागतो तोच. अठराव्या शतकात बिहारचा सोरा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडला जायचा, तो मुख्यतः तोफांसाठी. आपल्याकडे वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळसाठी मिठात मुरवलेली जीभ करतात, तिच्या जुन्या पाककृतींतही चिमूटभर सोरा असतो. कापल्यावर ती आतून गुलाबी निघते, ती त्यामुळेच.

पण सोऱ्याची गंमत अशी की तो स्वतः काहीच करत नाही. १८९१ साली एडुआर्ड पोलेन्स्के या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सोरा घालून खारवलेल्या मांसात आणि त्याच्या खाऱ्या पाण्यात नायट्राइट सापडतं, जे सुरुवातीला घातलेलंच नव्हतं. ते जीवाणूंनी केलेलं होतं. खाऱ्या पाण्यात तग धरणारे काही जीवाणू नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढून घेतात, आणि जे उरतं ते नायट्राइट.

पुढचा धागा जॉन स्कॉट हाल्डेन यांनी जोडला. हा माणूस कोळशाच्या खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करायचा. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या लोखंडाला धरून बसतो आणि माणूस गुदमरून मरतो, तरी त्याचं रक्त लालभडक राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे खारवलेल्या मांसाचा लाल रंग पाहून, इथंही एखादा वायूच लोखंडाला धरून बसला असेल, हा विचार त्यांना सुचला असेल तर नवल नाही. १९०१ साली त्यांनी दाखवून दिलं की नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड होतो आणि शिजवलेल्या खारवलेल्या मांसाचा रंग त्याच्यामुळे असतो. (पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हाल्डेन, ते यांचेच चिरंजीव.)

हे कळल्यावर सोऱ्याची गरजच राहिली नाही. जीवाणूंच्या लहरीवर आठवडेच्या आठवडे थांबायचं, कधी नायट्राइट कमी तर कधी भलतंच जास्त, यापेक्षा मोजून नायट्राइटच का घालू नये? अमेरिकेत १९२३ साली त्याचे प्रयोग सुरू झाले आणि १९२५ साली सरकारनं त्याला रीतसर परवानगी दिली. मोजून घातल्यामुळे एकूण नायट्राइट कमी झालं, हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं.

हे मोजणं कसं असतं ते एका किलोवर करून पाहू. मी घरी बेकन करतो ते डुकराच्या पोटाकडच्या मांसाचं, ज्यात चरबीचे आणि मांसाचे थर असतात. शुद्ध नायट्राइट घरात ठेवायचं नसतंच. ते दिसायला मिठासारखं पांढरं, आणि एखाद्या ग्रॅमचीही चूक जिवावर बेतू शकते. पोटात गेलेलं नायट्राइट आपल्या रक्तातही लोखंडाशीच गडबड करतं. रक्तातल्या लोखंडाचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि मग रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. म्हणून अमेरिकी पद्धतीचं मिश्रण विकलं जातं त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट आणि बाकीचं साधं मीठ असतं, आणि साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. या रंगामुळेच हॅम गुलाबी होतं असं कितीतरी जण समजतात. तसं नाही. युरोपात हेच मिश्रण आणखी सौम्य आणि पांढरंशुभ्र मिळतं, त्यानंही हॅम तितकंच गुलाबी होतं.

तर एक किलो मांसाला हे गुलाबी मीठ अडीच ग्रॅम. त्यातलं ६.२५ टक्के म्हणजे ०.१५६ ग्रॅम, म्हणजेच १५६ मिलिग्रॅम नायट्राइट. एवढ्याशा पुडीत संपूर्ण किलोचा रंग आणि राखण आहे. त्यात साधं मीठ साडेबावीस ग्रॅम, म्हणजे एकूण मीठ मांसाच्या अडीच टक्के होतं, आणि दहा ग्रॅम साखर. साखर केवळ खारटपणा बोथट करायला. हे सगळं ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजायचं, चमच्यानं नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि अडीचऐवजी पंचवीस ग्रॅम पडलं तर मांस खायच्या लायकीचं राहत नाही; ते धुवून, भिजवून वाचवायच्या फंदात न पडता टाकून द्यायचं.

मिश्रण तुकड्याला सगळीकडून चोळून, हवा काढून पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पिशवी पाहिली तर नवखा माणूस घाबरतो, कारण मांस गुलाबी व्हायच्या ऐवजी तपकिरी पडलेलं असतं. बिघडलेलं नसतं. नायट्राइट आधी मांसातल्या लोखंडाचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, म्हणून तपकिरी. त्यानंतर मांस जात्याच किंचित आंबट असल्यामुळे नायट्राइटमधून हळूहळू नायट्रिक ऑक्साइड सुटतो, मांसातली स्वतःची रसायनं लोखंडाला त्याचा इलेक्ट्रॉन परत देतात आणि रंग तपकिरीकडून लालसर व्हायला लागतो. कारखान्यात याला इतका वेळ देणं परवडत नाही. तिथं खारं पाणी सुयांच्या रांगांनी थेट मांसात टोचतात आणि सोबत क जीवनसत्त्वाचा एखादा भाऊबंद घालतात, म्हणजे हेच काम काही तासांत उरकतं.

पिशवीत पाणी सुटतं, ते ओतून द्यायचं नाही. त्यात मीठ आणि नायट्राइट आहे; रोज पिशवी उलटली की ते परत मांसात मुरतं. चार सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला मी आठ दिवस देतो. पहिल्या खेपेला पाचव्या दिवशी धीर सुटला आणि तुकडा बाहेर काढला. धुरी देऊन, आतलं तापमान पासष्ट अंशांपर्यंत नेऊन, थंड करून कापला, तर कडा सुरेख गुलाबी आणि मधोमध बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा. नायट्राइट तिथवर पोचलंच नव्हतं. मोठ्या हॅममध्ये असा पट्टा हाडाजवळ निघतो आणि तिथं तो नुसता दिसण्याचा दोष नसतो, कारण जिथं नायट्राइट पोचलं नाही तिथं राखणही नाही.

राखण कशापासून, तर आधी मिठाची गोष्ट. मीठ जीवाणूला लागणारं पाणी अडवून ठेवतं. पण अडीच टक्के मिठानं काम भागत नाही, ते चवीपुरतंच आहे. पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा मीठ याच्या कितीतरी पट असायचं आणि खाण्याआधी हॅम रात्रभर पाण्यात भिजत घालावं लागायचं. आपला सुका बोंबील आणि खारवलेला बांगडा टिकतो तो याच हिशोबानं: भरपूर मीठ किंवा अगदी कमी पाणी, किंवा दोन्ही. आजचं हॅम मात्र ओलसर, मऊ आणि बेताचं खारट असतं. म्हणजे जीवाणूला राहायला उत्तम जागा.

त्यातला सगळ्यात भयंकर जीवाणू क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. लॅटिनमध्ये बॉट्युलस म्हणजे सॉसेज, नावातच पत्ता आहे. १८२० च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागात युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं सॉसेज खाऊन दगावलेल्यांच्या नोंदी बारकाईनं लिहून ठेवल्या: एकाची दोन दिसणं, गिळता न येणं, शेवटी श्वासाचे स्नायूच बंद पडणं. हा जीवाणू हवा नसेल तिथंच वाढतो, आणि हॅमच्या पोटात किंवा हवाबंद पाकिटात नेमकी हवाच नसते. वर त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात निपचित पडून राहणारं त्याचं रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. हॅम शिजलं, बाकीचे जीवाणू मेले, की उरलेल्या बीजाणूंना रान मोकळं.

इथं नायट्राइट दुसऱ्यांदा कामाला येतं. बीजाणूला ते मारत नाही, पण बीजाणू फुटून त्याचा वाढता जीवाणू होण्याची वाट अडवतं. या जीवाणूच्या ऊर्जेच्या यंत्रणेत लोखंड आणि गंधक यांचे छोटे पुंजके असलेली प्रथिनं असतात. नायट्रिक ऑक्साइड त्या लोखंडाला धरतो आणि यंत्रणा अडकते. नायट्राइट आणखीही काही ठिकाणी घाव घालतं, पण ही पकड मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण मायोग्लोबिनमध्ये झालं तेच इथं घडतं. तिसरं एक काम जाता जाता होऊन जातं. शिजवलेल्या मांसाला फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी जो शिळा वास येतो, तो मोकळ्या झालेल्या लोखंडामुळे चरबी खवट व्हायला लागल्याचा असतो. हॅममध्ये लोखंड अडकून पडलेलं असतं, म्हणून त्याला तो वास फार उशिरा येतो.

इथं एक फसगत होते. रंग यायला नायट्राइट अगदी थोडं पुरतं. बॉट्युलिनम रोखायला त्याहून बरंच जास्त लागतं. त्यामुळे राखाडी पट्टा दिसला तर नायट्राइट पोचलं नाही हे नक्की, पण सगळं गुलाबी दिसलं म्हणून पुरेसं पोचलंच असं म्हणता येत नाही. शिवाय हे एकट्याचं काम नाही. मीठ, उष्णता आणि फ्रिजची थंडी यांच्या जोडीनंच नायट्राइट पुरं पडतं. लिस्टेरिया नावाचा जीवाणू तर फ्रिजच्या थंडीतही, खारवलेल्या हॅमवरही वाढतो. म्हणून पाकीट फोडल्यावर तीन-चार दिवसांत संपवायचं आणि गरोदर बाईनं हॅम गरम करूनच खायचं.

रंग बिघडला तर काय समजायचं? चकती उजेडात उघडी राहिली की काही तासांत कडेनं राखाडी पडते, कारण उजेडात नायट्रिक ऑक्साइडची पकड सुटते आणि हवा लोखंडाला गंजवते. हवाबंद पाकिटात हॅम दीर्घकाळ गुलाबी राहतं ते त्यामुळेच. चकतीवर मोरपिशी-हिरवी झाक दिसली आणि चकती कलती केल्यावर ती हलली, तर ते नुसतं प्रकाशाचं विखुरणं आहे. धारदार पात्यानं कापलेल्या स्नायूंच्या धाग्यांवरून उजेड सीडीसारखा फुटतो. झाक हलत नसेल, वर बोटाला बुळबुळीत लागत असेल आणि आंबूस वास येत असेल, तर ते जीवाणू आहेत.

नायट्राइटची काळी बाजूही याच रसायनातून येते. बेकन कडकडीत तळताना उरलेलं नायट्राइट प्रथिनांच्या तुकड्यांशी जुळून नायट्रोसामाइन तयार होतात, आणि त्यातले अनेक कर्करोग घडवणारे आहेत. १९७० च्या दशकात हे लक्षात आल्यावर अमेरिकेत टोचून केलेल्या बेकनसाठी नायट्राइट किलोला १२० मिलिग्रॅमवर आणलं आणि सोबत क जीवनसत्त्वाचा भाऊबंद साडेपाचशे मिलिग्रॅम घालणं सक्तीचं केलं. तो नायट्राइटला नायट्रिक ऑक्साइडकडे वळवतो, म्हणजे नायट्रोसामाइनला कच्चा माल कमी उरतो. तरीही २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं: रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. रविवारी दोन पट्ट्या खाणं आणि रोज सकाळी खाणं यात फरक आहे, आणि पट्टी काळी होईपर्यंत तळू नये.

यावर काही कंपन्यांनी पळवाट काढली. 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहिलेल्या अनेक पाकिटांत सेलरी नावाच्या भाजीची पूड असते. सेलरीत नायट्रेट भरपूर, जीवाणू त्याचं नायट्राइट करून देतात, आणि रेणू अगदी तोच निघतो.

नायट्राइट खरोखरच टाळणारेही आहेत. गोव्याचं चौरीस नावाचं सॉसेज मीठ, व्हिनेगर, वाळवण आणि धुरावर टिकतं आणि लाल दिसतं ते मिरचीमुळे. इटलीतल्या पार्माच्या हॅममध्ये तर डुकराची मांडी आणि समुद्री मीठ याखेरीज काहीही नसतं, ते वर्षाहून अधिक काळ टांगून सुकवतात आणि तरीही कापल्यावर ते लाल निघतं. ना नायट्राइट, ना मिरची, मग लाल कसं, हे कोडं बरीच वर्षं सुटलेलं नव्हतं. २००४ साली जपानी संशोधकांनी तो रंग वेगळा काढून दाखवला. कडं मायोग्लोबिनमधलंच होतं, पण त्या महिन्यांमध्ये मधलं लोखंड निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी जस्ताचा अणू येऊन बसला होता. त्याच मांडीला नायट्राइट लावलं तर हा जस्ताचा रंग जवळपास तयारच होत नाही.